बंद सकाळ आणि पाचवी ओळ

निवृत्त हेडमास्तरांनी मला फसवलं. एकदा नोटीस लिहिताना आणि दुसऱ्यांदा त्याच नोटिशीच्या दिवशी घड्याळ बघून. मालवणात आजही लोक सांगतात की उलट मीच मास्तरांशी भांडलो. भांडलो, ते खरंच आहे. पण का भांडलो ते कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहितो.

तेव्हा माझा सायबर कॅफे होता. घराची पुढची पडवी बंद करून घेतली होती आणि तिच्यात पाच मशीन. कुडाळला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथून ती मी उचलली. क्लासवाल्याने एक भाव सांगितला, मी तिसरा हिस्सा सांगितला, आणि दीड दिवस त्याच्या पायरीवर बसून राहिलो. शेवटी त्याने मशीनं दिलीच, वर पाच खुर्च्या आणि एक भिंतीवरचं घड्याळही दिलं. घड्याळ चालत नव्हतं, पण वर मिळालं होतं. त्याआधी मी शेगड्या दुरुस्त केल्या, ट्यूबलाइटचे चोक विकले, जाळ्यांचा दोरा विकला. कुणाच्या बापाचा पैसा लागला नाही. वस्तू घेताना वर काहीतरी मागायचं, हा माझा नियम. बांगडे डझनावर घेतले तर वर एक. इतकंच काय, लग्नात भटजी दोन मंगलाष्टकं म्हणणार होते, मी वर तिसरं म्हणायला लावलं.

मे महिन्यात मशीनांना रोग लागला. काम करता करता पडद्यावर एक चौकोन यायचा आणि त्यात साठ सेकंदांचं घड्याळ उलटं चालू व्हायचं. एकोणसाठ, अठ्ठावन्न... शून्य झालं की मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. गिऱ्हाइकं पहिले दोन दिवस ओरडली, मग सरावली. आमच्याकडे मासे घेऊन येणारी मावशी होती. तिचा झील, म्हणजे मुलगा, बोटीवर नोकरीला. ती तोंडाने सांगायची आणि मी तिचं ई-मेल टाइप करायचो. रोग आल्यापासून तिने पत्र लिहिण्याची पद्धतच बदलली. चौकोन येईपर्यंत गप्प बसायची, आणि आला की एका दमात सुरू: "बरी आसंय, तू जेव, ताप इलो तर गोळी घी, शेजाऱ्यांची म्हस व्याली, धाड!" मी पाठवायचो. तीस सेकंद उरायचे. म्हणायची, "आधी उगाच अर्धो तास लावी होतंय."

पण सगळी काही मावशीसारखी नव्हती. एस.टी. स्टँडजवळ नवा कॅफे उघडला होता, तीन मशीनांचा. माझी माणसं तिकडे घसरायला लागली. तशात जाहीर झालं की बारावीचा निकाल बुधवारी दुपारी एक वाजता इंटरनेटवर लागणार. सायबर कॅफेवाल्याला वर्षातला तो एकच दिवस. मी सोमवारी बाजारात उभा राहून बोललो, आणि जरा जोरातच बोललो: "जे मुलांचे सीट नंबर माझ्याकडे आधी चिठ्ठीवर देतील, त्यांना सांगतो. एक वाजून पाच मिनिटांच्या आत पहिला निकाल कागदावर छापून दाखवीन. नाही दाखवला तर चिठ्ठी देणाऱ्या प्रत्येकाला वर्षभर इंटरनेट फुकट!" 'पहिला निकाल' म्हणालो, 'सगळे' नाही म्हणालो. मी शब्द मोजून टाकतो. संध्याकाळपर्यंत चाळीस चिठ्ठ्या आल्या. त्यांतली एक हेडमास्तरांच्या नातीची.

मशीन दुरुस्त करणारे गृहस्थ कुडाळचे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासून त्यांना कोणी घाई केलेली चालत नसे. फोनवर त्यांनी रोग ऐकून घेतला आणि म्हणाले, "शेटानू, हो किडो. मशीनात एक भोक आसा, थंयसून शिरता. तुम्ही काय उघडूक नको, फोनची तार जोडलेली असली की पुरे. आधी किडो मारूचो, मग भोक बुजवूचा. सुधारणांची सीडी हाडतंय. पण एक सांगतंय. सगळी मशीनं होयसर तार जोडूची नाय आणि माणूस आत येवचो नाय. पाच तास."

"साडेतीन."

"मशीनाक इचारा."

शेवटी साडेचारवर तुटलं. बुधवारी सकाळी आठ ते साडेबारा. मी फोन ठेवला आणि जिंकल्यासारखं वाटलं.

आता नोटीस लावायची होती. गावातल्या सगळ्या पाट्या हेडमास्तरच लिहीत. देवळाचा वार्षिक उत्सव असो, सोसायटीची सभा असो, अक्षर त्यांचंच, मोत्यासारखं. नोटीस लिहायला त्यांनी तासभर इंटरनेट मागितलं. मास्तर ई-मेलवरून बुद्धिबळ खेळत. कुठल्या तरी थंड देशातल्या एका माणसाशी त्यांचा डाव सात महिने चालला होता. एक चाल हे पाठवत, तीन दिवसांच्या आत एक चाल तो पाठवी. मी म्हटलं, चार ओळींची नोटीस, अर्धा तास. मास्तर म्हणाले, "अर्धा तास चालेल. पण ओळी मी ठरवीन." मी म्हटलं, "चारच. आणि वर काय देणार?"

मास्तर चष्म्यावरून बघत हसले. "वर एक ओळ देतो की. पाचवी. फुकट."

मी हो म्हटलं. ही माझी चूक धरायची तर धरा. फुकट मिळालेल्या गोष्टीची मी तपासणी करत नाही. मास्तरांनी लिहून दिलं, मी ठळक अक्षरांतलं 'बुधवारी सकाळी बंद' वाचलं आणि पुढच्या दाराला चिकटवून टाकलं.

बुधवारी कुडाळचे गृहस्थ पहिल्या गाडीने आले. दोन सीडी, एक फ्लॉपी, आणि गुंडाळलेला टॉवेल. आल्या आल्या त्यांनी भिंतीतून फोनची तार काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली. एका वेळी दोन मशीनं घेत होते. फ्लॉपीने किडा मारायचा, सीडीवरच्या सुधारणा चढवायच्या, मशीन बंद करून सुरू करायचं, मग ते भोक बुजवणारा तुकडा बसवायचा आणि पुन्हा बंद-सुरू. मशीनं जुनी, त्यामुळे सगळं बैलगाडीच्या चालीने. मी मधे मधे विचारायचो, "किती झालं?" ते म्हणायचे, "तुम्ही इचारलास की ता मागे जाता." पावणेदहाला पहिली दोन झाली. तिसरं आणि चौथं लावलं. पाचवं काउंटरवरचं, मोडेमवालं, ते शेवटी.

पुढचं दार बंद होतं आणि नोटिशीचा मान राखला जात होता. खिडकीतून मी बघितलं, पुण्याचे पर्यटक आले, वाचून निमूट परत गेले. मला बरं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाजूने टोपली उतरवल्याचा आवाज आला. मागीलदारातून मावशी थेट आत आली, मशीनांपर्यंत.

"मावशे, आज बंद आसा गो!"

"माका म्हायत आसा. म्हणान तर मागसून इलंय. पुढसून गिऱ्हायकां येतत."

"आणि तू कोण?"

"मेल्या, तुझ्या घरात बांगडे मी हाडतंय, तुझ्या बायलेच्या डोहाळजेवणाक मी इल्लंय, आणि माका इचारतंस कोण? झिलाची बोट आज बंदराक लागता. दोन शब्द धाड, मी जातंय."

मी तिला समजावत होतो तोवर लॉजवाला आला, तोही मागून. त्याला पुण्याच्या पार्टीला खोलीचं नक्की करून कळवायचं होतं, बारा वाजायच्या आत. मग आणखी तिघे. बायको स्वयंपाकघरात चहाचं आधण वाढवत होती. मी तिच्यावर ओरडलो तर म्हणाली, "माणसां दारात इली, चाय नको? बंद ता तुमचा दुकान. माझा घर उघडा आसा."

सगळ्यांच्या शेवटी मास्तर आले. धोतर सावरत, छत्री कोपऱ्यात लावून, शाळा तपासायला आल्यासारखे.

"माझी चाल आज बारा वाजेपर्यंत गेली पाहिजे," ते म्हणाले. "नाही तर डाव गेला. माझा उंट अडकला आहे."

"तुमचा उंट एक वाजेपर्यंत थांबू दे, मास्तर! तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत, बंद म्हणून!"

"मी काय लिहिलं ते जरा वाचून या," मास्तर म्हणाले.

मी पुढचं दार उघडून बाहेर गेलो आणि पहिल्यांदाच नोटीस पूर्ण वाचली. ती अशी होती:

*नेहमीच्या गिऱ्हाइकांस कळविण्यात येते की बुधवारी सकाळी बंद.*
*आठ ते साडेबारा या वेळेत संगणकांत सुधारणा बसवावयाच्या आहेत.*
*त्या वेळेत इंटरनेट, ई-मेल वा छपाई मिळणार नाही.*
*साडेबारानंतर बारावीच्या निकालासाठी कॅफे उघडेल.*
*घरच्या माणसांनी अडचण असल्यास मागीलदाराने यावे.*

त्या गावात घरचं नसलेलं माणूस मला दाखवा. पोस्टमनसुद्धा आमच्याकडे मागीलदाराने यायचा.

मी आत आलो तो तापलेलाच. "ही ओळ कुणी सांगितली होती?"

"तुम्ही," मास्तर शांतपणे म्हणाले. "वर मागितली होतीत."

लॉजवाला हसला. मावशी म्हणाली, "नोटिशीत आसा तर आसा. आता शब्द फिरवू नको, बाजारात तुझो शब्द मोडणा नाय म्हणतत." असं म्हणून तिने मला कोंडीत पकडलं. बाजारात माझी पत शब्दावर उभी होती, आणि त्याच शब्दावर चाळीस चिठ्ठ्याही उभ्या होत्या.

कुडाळचे गृहस्थ हात धुवायला विहिरीवर गेले होते. तिथे बायकोने त्यांना चहा दिला आणि ते तिथेच बसले. मी हिशेब केला. पाच मिनिटं तार जोडली तर किडा एवढ्या पटकन येतो कशाला? नाही जोडली तर ही माणसं साडेबारापर्यंत डोकं खाणार. मी खिशातून तार काढली. "पाच मिनिटं! आधी मास्तर, मग मावशी, मग सगळे चालते व्हा!"

काउंटरचं मशीन जोडलं. मोडेम शिट्ट्या मारत लागलं. मास्तर बसले, चष्मा पुसला, पत्रपेटी उघडली, त्या थंड देशातल्या माणसाची चाल वाचली आणि विचार करायला लागले. सात महिने विचार केला होता, अजून करायचा होता. मी म्हटलं, "मास्तर, लिहा!" ते म्हणाले, "घाईने उंट मरतो."

आणि चौकोन आला. साठ.

"इलो!" मावशी ओरडली. तिला त्या चौकोनाचा सगळ्यांत जास्त सराव. "मास्तरानू, हात चालवा! पन्नास झाले!"

मास्तरांचं एक बोट हवेत. "घोडा की उंट..."

"खयचो तरी एक मारा! चाळीस!"

लॉजवाल्याने हात जोडले आणि मशीनपुढे गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, देवळात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, ह्यो मास्तर म्हातारो, ह्याचो उंट अडाकलो आसा, ह्या मशीनाच्या मनात काय वाकडा इला आसात तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात. स्वयंपाकघरातून बायकोसुद्धा. कुडाळचे गृहस्थ विहिरीवरून धावत आले आणि दारात पोचता पोचता सवयीने तेही "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"तार कोणी जोडली?"

"धा! नऊ!" मावशी मोजत होती. मास्तरांनी डोळे मिटून बटण दाबलं. चाल गेली. मशीन बंद झालं.

त्याच वेळी तिसऱ्या आणि चौथ्या मशीनवरही चौकोन उघडले. सुधारणा अर्ध्यावर होत्या, आणि मशीनं आतून एकमेकांना तारांनी जोडलेली. कुडाळच्यांनी धावत जाऊन त्या तारा उपटल्या, पण ती दोन्ही मशीनं बंद होऊन पुन्हा सुरू झाली ती अर्ध्यावरच अडकून बसली. पडदा काळा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत. फक्त पहिली दोन वाचली, कारण त्यांची भोकं बुजली होती.

गृहस्थांनी टॉवेल गुंडाळला. "बाराची गाडी आसा. मी जातंय."

मी त्यांच्या पाया पडलो नाही. पण हातातून टॉवेल काढून घेतला. म्हटलं, जेवून जा. ते म्हणाले, बांगडे असतील तर नको, पित्त होतं. मी मावशीकडे बघितलं. टोपलीत तळाला, पानाखाली सुरमई होती. लॉजवाल्यासाठी ठेवलेली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता मासा घेतला. मावशीला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "घासाघीस तरी कर रे, माका काय तरी जाल्यासारखा वाटता," आणि न मागता वर दोन बांगडे घातले.

सुरमईवर गृहस्थ थांबले. काउंटरचं मशीन, तिसरं, चौथं, तिन्ही विसरायची असं त्यांनी ठरवलं. मोडेम काढून पहिल्या मशीनला लावायचं आणि त्यावर निकाल बघायचा. पण मोडेम त्या मशीनला ओळख दाखवीना. त्याची फ्लॉपी शोधण्यात अर्धा तास गेला. ती बायकोने पोळपाटाखाली ठेवली होती, पोळपाट डुगडुगायचा म्हणून.

साडेबाराला मी पुढचं दार उघडलं. चाळीस चिठ्ठ्यांची माणसं होती, त्यांच्या आया, आत्या, शेजारी. अर्धे पुढून आले, अर्धे मागून, आणि मागून आलेले पुढच्यांना सांगत होते, "आम्ही घरचे." पावणेएकला पहिलं मशीन नेटला लागलं. एक वाजता निकालाचं पान उघडेना. अख्खा महाराष्ट्र त्याच पानावर तुटून पडला होता. मी दाबत होतो, पुन्हा दाबत होतो, कुडाळचे गृहस्थ म्हणत होते, "हळू दाबा, तेका कळता." आणि पान उघडलं. हाताला आली ती चिठ्ठी टाकली. मास्तरांच्या नातीची. प्रिंटर कर्रकर्र करायला लागला, कागद बाहेर आला. चेडू पास! लोकांनी आरडाओरडा केला. मी कागद वर धरला.

"वेळ बघा! वेळ!"

भिंतीवरचं घड्याळ बंद, मी सांगितलंच आहे. मी मशीनच्या कोपऱ्यातली वेळ दाखवली. तिथे एक वाजून चार मिनिटं होती. मागून कोणीतरी ओरडलं, "जेका आपण साठ सेकंद जगतलो काय नाय ता म्हायत नाय, तेचा कोण ऐकता?" सगळे हसले. कागदावर बघितलं, तर तळाला तारीख छापली होती, वेळ नव्हती. शेवटी सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. गावात वाद असला की मास्तरांनाच विचारायचं.

मास्तरांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला. "एक वाजून आठ मिनिटे," ते म्हणाले. आणि नातीचा कागद घडी करून खिशात घातला.

आता नीट ऐका. मास्तर चाळीस वर्षं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवत आले. शाळेची घंटा चुकू नये म्हणून. हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, कारण प्रत्येकाने त्या पाच मिनिटांपायी मार खाल्ला आहे. मी स्वतः खाल्ला आहे, दोनदा. आठातून पाच वजा केले तर तीन उरतात. मी ओरडून सांगितलं. मास्तर म्हणाले, "निवृत्त झाल्यावर घड्याळ बरोबर लावलं." कधी लावलं? "झाले काही दिवस." किती दिवस? ते निघून गेले, मागीलदाराने.

वर्षभर चाळीस घरांची माणसं माझ्याकडे फुकट बसली. तो स्टँडजवळचा कॅफेवाला खूष झाला, कारण फुकट्यांची सगळी गर्दी माझ्याकडे आणि पैसे देणारे त्याच्याकडे. मास्तर रोज यायचे. बुद्धिबळाचा तो डाव ते हरले, हे माझं एवढंच समाधान. त्या दहा सेकंदांत त्यांनी उंट हलवायचा तो घोडा हलवला होता.

मास्तर आता खूप म्हातारे झाले आहेत, पण अक्षर अजून तसंच आहे. म्हणून मी इथे सगळ्यांसमोर मागतो. मास्तरांनी लेखी उत्तर द्यावं. बुधवारी दुपारी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं की नव्हतं? उत्तर चार ओळींत द्यावं. वर काही नको.